तानपुरा गोड, झूम लावलं की पत्र्याचा डबा

«मी कोथरूडला राहते, गाण्याचे वर्ग घेते. निम्मे विद्यार्थी परदेशात, म्हणून लॅपटॉपवर झूम. लॅपटॉप विंडोज ११चा आहे. मागच्या महिन्यात चांगले महागाचे इयरबड घेतले. लॅपटॉपवर तानपुरा लावला की इतका सुरेख ऐकू येतो की डोळे मिटावेसे वाटतात. पण झूमवर वर्ग सुरू केला की त्याच क्षणी तोच तानपुरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, बारीकही होतो. विद्यार्थीही म्हणतात, ‘ताई, तुमचा आवाज फोनवरून बोलल्यासारखा येतोय.’ वर्ग संपला की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. दुकानदाराने जोड बदलून दिला, तरी तेच. आता सगळ्यात महागाचा घ्या म्हणतो. घेऊ का?»

— एक गायनशिक्षिका, कोथरूड

नमस्कार ताई,

घेऊ नका. तुमचा पहिला जोडही चांगला होता, दुसराही चांगला आहे. तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यात सगळं निदान आहे: झूम सुरू केलं की त्याच क्षणी बिघडतं आणि वर्ग संपला की जागेवर येतं. बिघडलेली वस्तू अशी घड्याळ लावल्यासारखी बिघडत नाही. इथे लॅपटॉप आणि इयरबड दोघं मिळून एका रस्त्यावरून उतरून दुसऱ्या रस्त्यावर जातात, आणि दुसरा रस्ता फार अरुंद आहे.

ब्लूटूथवर आवाज नेण्याचे हे दोन रस्ते ठरलेले आहेत. त्यांना प्रोफाइल म्हणतात. पहिला गाण्याचा, एटूडीपी. त्यावरून आवाज फक्त एकाच दिशेने जातो, लॅपटॉपकडून कानाकडे. डावा-उजवा असे दोन्ही कान वेगळे, आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, आणि साध्या एसबीसी पद्धतीने चांगल्या दर्जात सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास माहिती. दुसरा बोलण्याचा, एचएफपी, म्हणजे हँड्सफ्री. हा मुळात मोबाईल आणि गाडीतला स्पीकरफोन यांच्यासाठी आखला गेला. त्यावर आवाज दोन्ही दिशांनी जातो, पण प्रत्येक दिशेला सेकंदाला फक्त ६४ किलोबिट, आणि दोन्ही कानांना एकच आवाज. हा ६४ चा आकडा आला जुन्या टेलिफोनवरून: सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटचा.

गोम अशी की गाण्याच्या रस्त्यावर माइकला जागाच ठेवलेली नाही. इयरबडवरचा माइक कुठल्याही ॲपने मागितला, की लॅपटॉपपुढे एकच मार्ग उरतो. गाण्याचा प्रवाह थांबवायचा आणि बोलण्याचा उघडायचा. झूम सुरू होताना तुमच्या इयरबडचा माइक उघडतं, आणि त्या क्षणी तुमचा तानपुराही त्याच अरुंद रस्त्याला लागतो. तानपुरा झूममधून येत नाही, लॅपटॉपवरच वाजतोय, तरीही. कानापर्यंत जायला आता तेवढाच रस्ता उघडा आहे.

तुम्ही विचाराल, हा बोलण्याचा रस्ता रुंद का नाही करत? कारण बोलण्याला वाट बघणं परवडत नाही. गाणं कानाशी थोडं उशिरा पोचलं तर कुणाला कळत नाही, म्हणून इयरबड थोडा साठा करून ठेवतात आणि हवेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवून घेतात. बोलताना असा साठा केला तर दोन माणसं एकमेकांच्या वाक्यात शिरतील. म्हणून त्या रस्त्यावर छोटे छोटे डबे ठरलेल्या वेळेला सुटतात. जुन्या पद्धतीत दर ३.७५ मिलिसेकंदाला ३० बाइटचा एक डबा, आणि हरवला तर हरवला. पुढे थोडंफार पुन्हा पाठवण्याची सोय आली, पण डब्याचा आकार आणि वेळापत्रक माणसाच्या बोलण्याच्या मापानेच बेतलेलं राहिलं.

आता तुमच्या तानपुऱ्याचं या रस्त्यावर नेमकं काय होतं ते बघू. तुमची पट्टी तुम्ही लिहिली नाहीत, मी काळी चार धरतो. सा सुमारे २०८ हर्ट्झचा, खर्ज त्याच्या निम्मा, १०४. पण तानपुरा म्हणजे काही हे दोन आकडे नव्हेत. एक तार छेडली की सा च्या दुपटीचा, तिपटीचा, चौपटीचा असे स्वयंभू स्वर एकावर एक उमटत जातात. घोडीवर तारेखाली सुताचा तो इवलासा धागा सरकवून आपण जवारी लावतो, तेव्हा खरं तर हे वरचे स्वर जागे करत असतो. तार खुलते, झणझणते, त्यातून गंधार ऐकू येतो, तो सगळा वरच्या मजल्यावरचा कारभार.

नमुन्यांचा एक कडक नियम आहे. सेकंदाला जितके नमुने घ्याल, त्याच्या निम्म्यापर्यंतचाच स्वर टिपता येतो. ४४,१०० नमुन्यांत २२,००० हर्ट्झच्या वरपर्यंत सगळं येतं, म्हणजे माणसाच्या कानाला लागणारं सगळंच. ८,००० नमुन्यांत ४,००० च्या वर काहीही नाही. जुन्या टेलिफोनचा पट्टा तर ३०० ते ३,४०० एवढाच. काळी चारच्या सा चे स्वयंभू स्वर ३,४०० पर्यंत मोजले तर सोळा भरतात. सतराव्यापासून पुढचं सगळं करवतीने कापल्यासारखं जातं, आणि जवारीची झळाळी बरीचशी त्यातच असते. खालच्या बाजूला इयरबडची बोलण्यासाठीची चाळणी बहुतेक वेळा खर्जही पातळ करते, कारण तिच्या लेखी तो पंख्याचा घुमारा असतो. खर्ज गेला, झळाळी गेली, मधला पट्टा तेवढा उरला. पत्र्याच्या डब्यात बोलल्यावर हेच होतं, म्हणून तुम्हाला तोच शब्द सुचला. तरी सा तुम्हाला सा च ऐकू येतो, कारण वरचे स्वर हजर असले की मेंदू खालचा गैरहजर स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून तानपुरा बेसूर वाटत नाही. तो निर्जीव वाटतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तानपुऱ्यासारख्या वाद्याला ती सगळ्यात जास्त जाचते. बोलण्याच्या रस्त्यावरची जुनी सांकेतिक पद्धत, सीव्हीएसडी, प्रत्येक पायरीला फक्त एकच बिट वापरते: आधीपेक्षा वर, की खाली? सेकंदाला ६४,००० वेळा एवढंच सांगितलं जातं, आणि पलीकडचं यंत्र त्यावरून आवाजाची रेघ पुन्हा काढतं. बोलण्याची रेघ बऱ्यापैकी सावकाश चढते-उतरते, तिथे हे निभावतं. जवारीची रेघ मात्र बारीक, धारदार दातऱ्यांची. पायऱ्या चढता चढता यंत्र मागे पडतं आणि दातऱ्यांच्या जागी गुळगुळीत उतार काढून मोकळं होतं. आवाज विरत आला की उलटं होतं. आता रेघ जवळजवळ सपाट, पण यंत्राला वर किंवा खाली काहीतरी सांगावंच लागतं, म्हणून ते वर-खाली, वर-खाली करत राहतं आणि मागे वाळू चाळल्यासारखी खरखर येते. तार छेडल्यानंतरच्या त्या लांब विरण्यात ही खरखर स्पष्ट ऐकू येते.

२०११ मध्ये या प्रोफाइलच्या १.६ आवृत्तीत एमएसबीसी नावाची सुधारलेली पद्धत आली. तिच्यात १६,००० नमुने असतात, म्हणजे ८,००० हर्ट्झपर्यंत वाट मोकळी. तुमचे इयरबड नवे आहेत, लॅपटॉपही विंडोज ११चा, तेव्हा तुम्ही बहुधा याच पद्धतीवर असाल. बोलणं तिच्यावर छान कळतं. पण रस्ता तोच ६४ किलोबिटचा, कान एकच, आणि गाण्याच्या रस्त्याच्या मानाने तानपुरा तरीही घुसमटलेलाच.

तुम्ही या दोन्हीपैकी कशावर आहात हे कानानेच ओळखता येतं. वर्गात एखाद्या विद्यार्थिनीला ‘सोड’ आणि ‘फोड’ असे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणायला सांगा, फ ओठांतून हवा सोडत, आणि तुम्ही तिच्या तोंडाकडे न बघता ऐका. स ची सळसळ ४,००० हर्ट्झच्या वर जास्त असते. जुन्या पद्धतीत ती कापली जाते आणि स, फ एकमेकांत मिसळतात. नव्या पद्धतीत लगेच वेगळे कळतात. मात्र विद्यार्थिनी स्वतः इयरबडचा माइक वापरत असेल तर तिच्या बाजूनेही कापलं जाईल, म्हणून ही परीक्षा साध्या लॅपटॉपवरून बोलणाऱ्या मुलीवर करा.

आता उपाय. उपायाचा गाभा एका वाक्यात मावतो: इयरबड फक्त ऐकण्यासाठी ठेवा, बोलण्यासाठी दुसरा कुठलाही माइक घ्या. इयरबडचा माइक कुणीच मागितला नाही, तर लॅपटॉप गाण्याचा रस्ता सोडतच नाही.

आधी खात्री करून घ्या, झूम बंद ठेवून. तानपुरा लावा. मग `Sound Recorder` उघडा, त्यात माइक म्हणून इयरबड निवडा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. तानपुरा तिथल्या तिथे पत्र्याचा होईल. थांबवा, क्षणभर थांबा, परत खुलेल. आता त्याच ठिकाणी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. बऱ्याच लॅपटॉपवर त्याचं नाव `Microphone Array` असं दिसतं. पुन्हा रेकॉर्ड करा. या वेळी तानपुऱ्याला धक्का लागणार नाही. तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आमच्या सोसायटीतल्या एक काकू आल्या होत्या, त्यांच्या लॅपटॉपवर मी हेच करून दाखवलं. तीनदा इकडून तिकडे फिरवल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे माइकच तानपुऱ्याचा गळा धरतोय!’ याहून चांगलं वर्णन मला करता आलं नसतं.

मग झूममध्ये माइकच्या चित्राशेजारचा छोटा बाण दाबा. तिथे माइकची यादी वेगळी आणि स्पीकरची वेगळी दिसेल. माइक लॅपटॉपचा, स्पीकर इयरबडचा. `Same as System` वर काही सोडू नका, नाहीतर इयरबड कानात घातले की विंडोज पुन्हा त्यांचाच माइक पुढे करेल. दर वेळी आठवण ठेवायची नसेल तर इयरबडचा माइक लॅपटॉपपुरता कायमचा बंद करून टाका. विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप करा:

```
mmsys.cpl
```

आवाजाची जुनी खिडकी उघडेल. `Recording` या पानावर तुमच्या इयरबडचं नाव शोधा, त्यावर उजवं क्लिक करा आणि `Disable` दाबा. फोनवर यानं काही बदलत नाही, तिथे इयरबडचा माइक पूर्वीसारखाच चालेल.

ती खिडकी उघडलीच आहे तर `Communications` पानही बघा. तानपुरा ‘बारीकही होतो’ असं तुम्ही लिहिलंत, त्याचं मूळ बहुतेक इथे आहे. कॉल चालू झाला की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करा अशी सूचना विंडोजमध्ये आधीपासूनच लावलेली असते. तिथे `Do nothing` निवडा. रस्ता बदलणं ही एक गोष्ट आणि हे दुसरी. दोन्ही एकाच क्षणी घडतात म्हणून एकच वाटतात.

एक चकवा मात्र लक्षात ठेवा. झूममध्ये स्वतःला म्यूट केलं म्हणजे माइक सुटला असं होत नाही. म्यूट म्हणजे तुमचा आवाज पुढे न पाठवणं. माइक ॲपच्या हातातच असतो आणि रस्ता अरुंदच राहतो. वर्ग संपवूनही कधी पत्रा गेला नाही, तर खाली घड्याळाजवळ माइकचं छोटं चित्र दिसतंय का बघा. त्यावर बाण नेला की कुठल्या ॲपने माइक धरलाय ते कळतं. पुष्कळदा ब्राउझरमधला विसरलेला एखादा मीटिंगचा टॅब असतो. तो बंद केला की काम झालं.

विद्यार्थ्यांच्या तक्रारीचंही यातच उत्तर आहे. तुमचा आवाज इयरबडच्या माइकमधून लॅपटॉपपर्यंत त्याच ६४ किलोबिटच्या रस्त्याने यायचा. वर्गात तुम्ही मींड दाखवत असाल, तार सप्तकात आकार लावत असाल, ते सगळं पट्टा कापून पुढे जात होतं. झूमचं `Original Sound for Musicians` चालू केल्याने हे भरून येत नाही. ती सोय झूमची स्वतःची आवाज-सफाई थांबवते आणि गाण्यासाठी ती लावावीच, पण ब्लूटूथवर जे कापलं गेलं ते झूमपर्यंत पोचलेलंच नसतं. माइक बदलल्यावर मात्र या सोयीचा खरा उपयोग दिसेल. लॅपटॉपचा माइक तोंडापासून लांब असतो, पंख्याचा आणि खालच्या रिक्षांचा आवाजही तो घेतो, म्हणून महिनाभराने तुम्हाला यूएसबीचा साधा माइक घ्यावासा वाटेल. दुकानदार सांगतोय त्या इयरबडच्या किमतीपेक्षा तो बराच स्वस्त पडतो, आणि तुमच्या गळ्याला त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

महागाच्या इयरबडमध्ये माइक जास्त असतात, भोवतालचा गोंगाट ते जास्त चांगला गाळतात, पण जुन्या ब्लूटूथवर रस्ता तोच राहतो. खरा बदल आहे तो एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत. २०२० मध्ये ती जाहीर झाली, एलसी३ ही तिची सांकेतिक पद्धत, आणि तिच्यात ऐकणं-बोलणं एकाच वेळी चांगल्या दर्जात होऊ शकतं. पण इयरबड आणि लॅपटॉप या दोन्हींत ती हवी. एकाच्याच खोक्यावर लिहिलेलं असेल तर दोघं मुकाट्याने जुन्या रस्त्यावर येतात. म्हणून दुकानात कुणी ‘नवीन ब्लूटूथ आहे’ म्हटलं तर लॅपटॉप बरोबर न्या, तिथेच जोडा, तानपुरा लावा आणि रेकॉर्डिंगची वरची परीक्षा करा. तानपुरा टिकला तरच पैसे द्या.

आणि एक सावधगिरी, जी तुम्हाला गाणं शिकवताना नक्की आडवी येईल. गाण्याच्या रस्त्यावर तो साठा असतो म्हटलं ना, त्यामुळे लॅपटॉपवर वाजलेलं तुमच्या कानाला उशिरा पोचतं, साधारण सेकंदाचा पाचवा भाग धरा. तानपुऱ्याला याचा काही त्रास नाही, तो सतत चालूच असतो. ठेक्याला आहे. तुम्ही लॅपटॉपवर तीनतालाचा ठेका लावून झूममधून त्याचा आवाज शेअर करता, तेव्हा विद्यार्थ्यांकडे तो ब्लूटूथला वळसा घालून थेट जातो. तुम्ही मात्र उशिरा आलेल्या ठेक्यावर गाता. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि तुमचा उशीर तिच्या दोन पंचमांश. तुम्ही तुमच्या कानाप्रमाणे समेवर अचूक येता आणि मुलांना वाटतं ताई मागे पडल्या. काही हुशार मुलं तर तसंच मागे ओढून गायला शिकतात, हे मी पाहिलंय, आणि ते पुढे दुरुस्त करायला फार जड जातं.

त्यामुळे बंदिशीच्या दिवशी, ठेका लावायचा असेल तेव्हा, इयरबड डबीतच ठेवा आणि तारेचा साधा इयरफोन लॅपटॉपला लावा. तारेवर दोन रस्त्यांची भानगडच नाही, तिचा माइक वापरलात तरी तानपुऱ्याचा आवाज तसाच राहतो, आणि उशीरही जाणवत नाही. आलापाच्या आणि पलट्यांच्या वर्गाला इयरबड कानात आणि माइक लॅपटॉपचा. फोनवरून वर्ग घ्यायची वेळ आली तर तिथेही तारच बरी, कारण कॉल चालू असताना ऐकायला इयरबड आणि बोलायला फोनचा माइक अशी वाटणी बहुतेक ॲप करू देत नाहीत.